व्हॅल्युअरला फोन करू नका, पत्र लिहा: मालमत्ता तारण कर्जाआधीचं एक पान



गेल्या आठवड्यात मालमत्ता तारण कर्जावरचा, म्हणजे आपण ज्याला 'लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी' म्हणतो त्यावरचा व्हिडिओ टाकला. त्याखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "सर, व्हॅल्युएशन तर बँकच करून घेते. आपल्याला त्यात काय करायचं असतं?"

मीही असंच समजत होतो, आणि त्या समजुतीचे माझे पन्नास हजार रुपये गेले. म्हणून आज माझं मत सरळ मांडतो. व्हॅल्युएशनचा आकडा ठरवणं आपल्या हातात नाही, ते असूही नये. पण व्हॅल्युअरला कशासाठी, कोणत्या मालमत्तेचं आणि कोणत्या कागदांवरून मूल्य काढायचंय हे लेखी सांगणं आपलंच काम आहे. ते आपण करत नाही. फोनवर "जरा व्हॅल्युएशन करून द्या" एवढं म्हणतो आणि नंतर आकडा कमी आला की व्हॅल्युअरला नावं ठेवतो.

माझ्याबाबतीत काय झालं

माझं सांगलीत हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. होलसेलमध्ये उतरायचं होतं. त्यासाठी एक गोडाऊन आणि सुरुवातीचा माल मिळून तीस लाख हवे होते. राहतं घर माझ्या आणि आईच्या नावावर आहे. जागा साधारण 1,500 चौरस फूट. खालचा मजला चौदा वर्षांपूर्वीचा, वरचा मजला सहा वर्षांपूर्वी चढवलेला.

ओळखीतल्या एका व्हॅल्युअरला फोन केला. त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" मी म्हणालो, "असंच, बँकेत लागेल." व्हॉट्सअॅपवर खरेदीखताचे फोटो पाठवले. ते येऊन घर बघून गेले. आठ दिवसांत रिपोर्ट हातात आला: साधारण साडेचौपन्न लाख. मी लगेच हिशेब केला. बँकेने साठ टक्के जरी दिले तरी बत्तीस लाख! त्याच संध्याकाळी गोडाऊनच्या मालकाला एक लाख विसार देऊन टाकला.

बँकेत रिपोर्ट दाखवला तेव्हा कर्ज विभागातल्या मॅडमनी पहिलं पान वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवला. त्यावर हेतू लिहिला होता, 'मालमत्तेचे बाजारमूल्य जाणून घेणे'. कर्जाचा उल्लेख नाही, बँकेचं नाव नाही, आणि ते व्हॅल्युअर त्या बँकेच्या पॅनलवरही नव्हते. त्या म्हणाल्या, "आमचा माणूस येईल."

त्यांचा माणूस आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "वरच्या मजल्याची परवानगी?" आमच्याकडे मंजूर नकाशा फक्त खालच्या मजल्याचा होता. वरचा मजला मिस्त्रीने बांधला, घरपट्टीत चढला, लाईट बिल आलं, म्हणून आम्ही तो कायदेशीरच धरून चाललो होतो. दुसरा रिपोर्ट आला सुमारे सव्वाचव्वेचाळीस लाखांचा. कर्ज मंजूर झालं साडेसव्वीस लाखांच्या आसपास. मालाचा बेत आखडता घ्यावा लागला, ते गोडाऊन सोडलं आणि विसारातले निम्मेच पैसे परत मिळाले.

दोन्ही व्हॅल्युअर आपापल्या जागी बरोबर होते, हे मला खूप उशिरा कळलं. चूक विचारण्यात होती.

हेतू बदलला की मूल्य का बदलतं

आपल्याला वाटतं की घराची किंमत म्हणजे एक ठरलेला आकडा आहे आणि व्हॅल्युअर तो फक्त शोधून काढतो. तसं नसतं. व्हॅल्युअर एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर देतो, आणि तो प्रश्न म्हणजेच हेतू.

समजा घर विकून भांडवली नफ्याचा कर काढायचाय आणि घर 2001 च्या आधी घेतलेलं आहे. मग व्हॅल्युअर 1 एप्रिल 2001 या तारखेचं वाजवी बाजारमूल्य काढून देतो. समजा मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी कुटुंबाची ऐपत दाखवायचीय. तिथे कुटुंबाकडे काय आहे हा प्रश्न असतो. पण कर्जासाठी बँकेचा प्रश्न फार वेगळा आणि थोडा कडू असतो: "हा माणूस हप्ते भरू शकला नाही, तर ही मालमत्ता विकून आमचे किती पैसे सुटतील?"

म्हणून बँकेसाठीच्या रिपोर्टमध्ये सहसा तीन आकडे येतात. पहिला वाजवी बाजारमूल्य, म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि घाई नसलेला घेणारा यांच्यात ठरेल तो भाव. दुसरा रिअलायझेबल व्हॅल्यू, म्हणजे प्रत्यक्ष विकायला काढल्यावर हातात पडेल असा थोडा कमी आकडा. तिसरा डिस्ट्रेस व्हॅल्यू, म्हणजे घाईने किंवा लिलावात विकावी लागली तर येणारा, आणखी खालचा आकडा. कर्ज यातल्या कोणत्या आकड्यावर मोजायचं हे त्या त्या बँकेचं धोरण ठरवतं. तेव्हा शाखेत हे आधीच विचारा.

याच कारणाने बँक परवानगी नसलेल्या बांधकामाकडे वेगळ्या नजरेने बघते. तुमच्यासाठी तो मजला खरा आहे, त्यात तुम्ही झोपता. पण उद्या तो विकायची वेळ आली तर घेणारा म्हणेल, "हा पाडायची नोटीस आली तर?" म्हणून बँकेसाठी त्या मजल्याची किंमत शून्य धरली जाऊ शकते. माझ्या पहिल्या व्हॅल्युअरला कर्जाचं कुणी नीट सांगितलंच नव्हतं, नकाशाही दिला नव्हता. त्याने जे दिसलं ते मोजलं.

अजून एक गैरसमज इथेच मिटवू. रेडी रेकनरचा दर म्हणजे बाजारभाव नाही. तो सरकारने मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेला दर आहे. व्हॅल्युअर तो रिपोर्टमध्ये तुलनेसाठी लिहितो. तुमच्या गल्लीतला खरा भाव त्याच्या वरही असू शकतो आणि खालीही.

आकडा कसा बसतो, एकदा बघून घ्या

माझ्याच घराचा हिशेब सोपे आकडे धरून मांडतो. स्वतंत्र घराचं मूल्य काढताना जमीन आणि बांधकाम सहसा वेगवेगळं मोजतात.

जमीन 1,500 चौरस फूट, आजूबाजूच्या व्यवहारांवरून दर धरला 2,200 रुपये. म्हणजे जमिनीचे 33 लाख.

खालचा मजला 900 चौरस फूट. आज तसंच बांधायचं तर खर्च 1,600 रुपये चौरस फूट, म्हणजे 14 लाख 40 हजार. पण बांधकाम चौदा वर्षं जुनं आहे, म्हणून घसारा वजा करायचा. इमारतीचं आयुष्य 60 वर्षं धरलं आणि शेवटी दहा टक्के भंगारमूल्य उरतं असं मानलं, तर 90 टक्के किंमत 60 वर्षांत झिजते, म्हणजे वर्षाला दीड टक्का. चौदा वर्षांचे झाले 21 टक्के. 14 लाख 40 हजारांतून 3 लाख 2 हजार 400 गेले, राहिले 11 लाख 37 हजार 600.

वरचा मजला 700 चौरस फूट. त्याच दराने 11 लाख 20 हजार. सहा वर्षांचा घसारा नऊ टक्के. राहिले 10 लाख 19 हजार 200.

तिन्ही मिळवले की होतात 54 लाख 56 हजार 800. हा झाला माझा पहिला रिपोर्ट. वरचा मजला काढला की उरतात 44 लाख 37 हजार 600. हा झाला बँकेचा. साठ टक्क्यांनी पहिल्यावर 32 लाख 74 हजार मिळाले असते, दुसऱ्यावर 26 लाख 62 हजार. एका कागदाच्या अभावी सहा लाखांहून जास्त फरक पडला. आणि बँकेने बाजारमूल्याऐवजी त्याहून दहा टक्के कमी असलेल्या रिअलायझेबल व्हॅल्यूवर मोजलं असतं, तर तोच आकडा चोवीस लाखांच्या खाली गेला असता.

साठ टक्के हे माझ्या बँकेचं प्रमाण होतं, तुमच्या बँकेचं वेगळं असेल. शिवाय मालमत्तेच्या मूल्यावरून फक्त कमाल मर्यादा ठरते. हप्ता झेपतो का हे तुमच्या रिटर्न्सवरून आणि खात्याच्या उलाढालीवरून वेगळं तपासलं जातं.

आधी बँकेला विचारा, मग पत्र

पत्र लिहिण्याआधी शाखेत जाऊन एवढंच विचारा: "व्हॅल्युअर तुम्ही नेमणार की पॅनलमधला मी गाठायचा? आणि पत्र कोणाच्या नावाने लागेल?" बऱ्याच मोठ्या बँका स्वतःच पॅनलवरच्या व्हॅल्युअरला काम देतात, फी मात्र आपल्याकडून घेतात. काही ठिकाणी, विशेषतः सहकारी बँकांत, पॅनलची यादी हातात देतात आणि त्यातल्या एकाकडे आपण जायचं असतं.

व्हॅल्युअर नोंदणीकृत असला म्हणजे झालं, असं नाही. कोणी आयकर खात्याकडे नोंदणीकृत असतो, कोणी कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 खाली आयबीबीआयकडे. त्यातही जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि शेअर्ससारखी आर्थिक मालमत्ता असे वेगळे वर्ग असतात. आपल्याला हवा जमीन व इमारत या वर्गातला, आणि त्या बँकेच्या पॅनलवर असलेला.

"बँकच माणूस पाठवणार असेल तर पत्र कशाला?" असं विचाराल. माझं म्हणणं, तरीही लिहा. तो माणूस घर बघायला येईल तेव्हा कागदांच्या फाईलवर हेच पत्र पहिलं पान म्हणून लावा आणि त्याची एक प्रत शाखेत द्या. त्याला एका दिवसात तीन-चार ठिकाणी जायचं असतं. कोणता कागद मिळाला, कोणता नाही, हे एका पानावर दिसलं की चुका कमी होतात. आणि पुढे वाद झालाच तर आपण काय दिलं होतं याचा पुरावा राहतो.

पत्राचा नमुना

मी आता माझ्या बॅचमधल्या लोकांना हा नमुना देतो. आपल्या मालमत्तेप्रमाणे बदल करून घ्या.

> दिनांक: ________
>
> प्रति,
> ________, नोंदणीकृत मूल्यांकक (जमीन व इमारत)
>
> विषय: मालमत्ता तारण कर्जासाठी स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन करून मिळणेबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> आम्ही खाली सही करणार खाली वर्णन केलेल्या मालमत्तेचे संयुक्त मालक आहोत. आमच्या ________ या व्यवसायाच्या गोडाऊन व खेळत्या भांडवलासाठी ________ बँक, ________ शाखा यांच्याकडे मालमत्ता तारण कर्जाचा अर्ज केला आहे. सदर मूल्यांकन केवळ या कर्जाच्या तारणासाठी हवे आहे. अहवाल बँकेच्या वरील शाखेच्या नावे, बँकेच्या नमुन्यात द्यावा.
>
> मालमत्तेचे वर्णन: सिटी सर्व्हे क्र. ____, प्लॉट क्र. ____, क्षेत्र 139.35 चौ. मी., त्यावरील तळमजला व पहिला मजला. वापर: स्वतः राहण्यासाठी. चतु:सीमा: पूर्वेस ____, पश्चिमेस ____, दक्षिणेस ____, उत्तरेस ____.
>
> आपल्या पाहणीच्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य, रिअलायझेबल व्हॅल्यू व डिस्ट्रेस व्हॅल्यू नमूद करावी. जमीन, मंजूर बांधकाम व मंजुरी नसलेले बांधकाम यांचे क्षेत्र व मूल्य वेगवेगळे दाखवावे.
>
> सोबत जोडलेली कागदपत्रे (छायाप्रती, मूळ कागद पाहणीवेळी दाखवू):
> 1. नोंदणीकृत खरेदीखत व सूची क्र. 2
> 2. चालू मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) व मोजणी नकाशा
> 3. बिगरशेती आदेश व मंजूर रेखांकन
> 4. तळमजल्याचा मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र
> 5. चालू वर्षाची घरपट्टी पावती व कर आकारणी उतारा
> 6. ताजे वीजबिल
> 7. मालकांचे ओळखपत्र व पॅन
>
> उपलब्ध नसलेली कागदपत्रे: पहिल्या मजल्याचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र.
>
> इतर माहिती: मालमत्तेवर अन्य कर्ज नाही. भाडेकरू नाही. न्यायालयीन वाद नाही.
>
> पाहणीसाठी सोयीचा दिवस व वेळ, तसेच आपली फी करासह किती होईल, हे कृपया लेखी कळवावे.
>
> आपले विश्वासू,
> (सर्व मालकांच्या सह्या व मोबाईल क्रमांक)

हे भरून एका पानात, फार तर दीड पानात बसतं. 'इतर माहिती'ची ओळ मात्र खरी असेल तशीच लिहा. भाडेकरू असेल तर भाडेकरार जोडा. जुना, भाडं अगदी कमी असलेला भाडेकरू घरात असेल तर विकताना भाव पडतो, आणि व्हॅल्युअर ते धरतोच. फ्लॅट असेल तर प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीच्या जागी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, संपूर्ण इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि करारातलं कार्पेट क्षेत्र येईल. क्षेत्र लिहिताना कार्पेट की बिल्ट-अप हे स्पष्ट लिहा, नाहीतर एकाचं क्षेत्र आणि दुसऱ्याचा दर अशी गल्लत होते.

कागद कशाला लागतो हे कळलं की यादी पाठ करावी लागत नाही

व्हॅल्युअरच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. तीच यादीची चावी आहे.

पहिला: कागदावरची जागा आणि मी उभा आहे ती जागा एकच आहे का? यासाठी प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा आणि चतु:सीमा. नुसतं खरेदीखत दिलं तर त्यातल्या चतु:सीमा वीस वर्षांपूर्वीच्या असतात. पूर्वेला 'मोकळी जागा' लिहिलेलं असतं आणि आता तिथे अपार्टमेंट उभं असतं. म्हणून पत्रात आजच्या सीमा लिहा. क्षेत्रही तपासा. प्रॉपर्टी कार्डावर ते चौरस मीटरमध्ये असतं, आपण बोलतो फुटात. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. माझे 139.35 चौरस मीटर म्हणजे 1,500 चौरस फूट. खरेदीखतात एक आणि कार्डावर दुसरं क्षेत्र असेल तर सहसा कमी असलेलंच धरलं जातं.

दुसरा: यातलं किती बांधकाम मंजूर आहे? यासाठी मंजूर नकाशा, परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. घरपट्टीची पावती इथे चालत नाही. माझी चूक नेमकी हीच होती. महापालिका बिनपरवाना बांधकामालाही कर लावते, कर भरला म्हणून ते नियमित होत नाही. घरपट्टीचा आणि आकारणी उताऱ्याचा उपयोग वेगळा आहे. बांधकाम किती वर्षांचं आहे आणि वापर राहण्याचा की धंद्याचा, याचा त्यातून अंदाज येतो. गावठाणात घर असेल आणि हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असेल, तर तो कर आकारणीचा उतारा आहे हे लक्षात ठेवा. अशी मालमत्ता तारण घेते का, हे आधी बँकेला विचारा आणि मगच व्हॅल्युअरची फी भरा.

तिसरा: विकायला काढली तर काय आडवं येईल? यात भाडेकरू, वाद, आधीचं कर्ज, रस्ता रुंदीकरणात जाणारी जागा असं सगळं येतं.

आता मालकी कोणाची, वारस कोण, मागच्या व्यवहारांची साखळी नीट आहे का, हे प्रश्न व्हॅल्युअरचे नाहीत. ते बँकेच्या वकिलाचे. तो सर्च रिपोर्ट वेगळा देतो. व्हॅल्युअर सांगतो कितीची, वकील सांगतो कोणाची. प्रॉपर्टी कार्डावर अजून वारलेल्या वडिलांचं नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, कारण पत्रावर सह्या कोणाच्या हाच प्रश्न उभा राहतो.

दोन गोष्टींवर माझ्याशी वाद घालणारे भेटतात

पहिली गोष्ट, परवानगी नसलेला मजला स्वतःहून पत्रात लिहायचा का? एका बॅचमध्ये एक दादा म्हणाले, "सर, आपण आपल्या तोंडाने कशाला सांगायचं? नाही लक्षात आलं तर सुटलो." माझं मत ठाम आहे, लिहायचंच. व्हॅल्युअर जागेवर येऊन मोजतो, फोटो काढतो, नकाशाशी ताडून बघतो. दोन मजले त्याला दिसणारच आहेत. न लिहिल्याने मजला लपत नाही, फक्त तुमच्यावरचा विश्वास कमी होतो. लिहिलं की दोन फायदे. एक, रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे वेगळे येतात. दुसरा, आणि हा मोठा, तुम्हाला स्वतःला आधीच कळतं की खरी मर्यादा किती. पत्रातली 'उपलब्ध नसलेली कागदपत्रे' ही ओळ लिहायला मी पहिल्यांदाच बसलो असतो, तर गोडाऊनचा विसार देण्याआधी माझा हात थांबला असता.

दुसरी गोष्ट, अपेक्षित आकडा. "सर, साधारण साठ लाख दाखवता आले तर बघा", हे वाक्य पत्रात नको, फोनवर नको, चहा पितानाही नको. आकडा फुगवणारा व्हॅल्युअर पॅनलवरून जाऊ शकतो, म्हणून चांगला व्हॅल्युअर हे ऐकून सावध होतो आणि हात आखडून लिहितो. आणि एखाद्याने ऐकलंच, तर नुकसान तुमचं. फुगवलेल्या मूल्यावर मिळालेलं कर्ज खरंच फेडायचं असतं, आणि घर जाण्याची भीतीही खरीच असते.

आकड्याऐवजी माहिती द्या. ती देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात झालेल्या एक-दोन नोंदणीकृत व्यवहारांची सूची क्र. 2 मिळाली तर जोडा. व्हॅल्युअर ती तपासून घेईल, पटली तर वापरेल.

पाहणीच्या दिवशी आणि नंतर

पाहणीला घरातलं जाणतं माणूस हजर ठेवा, सगळ्या खोल्या आणि गच्ची उघडी ठेवा. बंद खोली अंदाजाने लिहिली जाते. मूळ कागद फाईलमध्ये पत्रातल्या क्रमाने लावा. काम झाल्यावर पत्राच्या प्रतीवर 'कागद मिळाले' अशी सही आणि तारीख घ्या.

बँकेने नेमलेल्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट थेट बँकेत जातो आणि तुम्हाला तो मिळेलच असं नाही. तरी शाखेत एवढं विचारा: क्षेत्र किती धरलंय, वय किती धरलंय आणि कोणतं बांधकाम वगळलंय? यातली चूक कागद दाखवून दुरुस्त करता येते. "दर कमी धरला" या तक्रारीला मात्र सहसा कोणी दाद देत नाही. म्हणून वाद घालायचा तर मोजता येणाऱ्या गोष्टीवर घाला.

माझ्या वरच्या मजल्याचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. नियमित करून घेण्यासाठी अर्ज केलाय. चटईक्षेत्रात तो बसतोय, पण बाहेरून काढलेल्या जिन्यामुळे बाजूचं अंतर कमी पडतंय. तो तिढा अजून सुटलेला नाही. सुटला तर सुधारित नकाशासह नव्याने मूल्यांकन मागणार. नाही सुटला तर त्या मजल्यात आम्ही राहू, पण त्याच्या जिवावर कर्जाचा हिशेब मांडणार नाही.

तुम्ही कर्जाचा विचार करत असाल तर आज रात्री एवढंच करा. वरचा नमुना वहीत उतरवा, घरातल्या कागदांची पिशवी काढा आणि 'उपलब्ध नसलेली कागदपत्रे' ही ओळ आधी भरा. ती ओळ जोवर रिकामी किंवा पूर्ण खरी होत नाही, तोवर कोणालाही विसार देऊ नका.